शिफारसपत्र पुन्हा लिहिताना

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फेब्रुवारी महिन्यात आमच्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.साठी एका न्यासाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि शिफारस देणारे शिक्षक म्हणून माझे नाव लिहिले. त्याच आठवड्यात आमच्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्यानेही त्याच शिष्यवृत्तीसाठी माझ्याकडे पत्र मागितले. माझ्या संगणकात शिफारसपत्राचा एक जुना नमुना होता. गेली कित्येक वर्षे मी तोच वापरत आलो होतो. दोघांची नावे, आसनक्रमांक आणि टक्केवारी बदलून मी दोन्ही पत्रे एकाच दुपारी सही करून पाठवून दिली.

आठ दिवसांनी न्यासाच्या कार्यालयातून मला निरोप आला. त्यात दोषारोप नव्हता. दोन्ही पत्रांचा मजकूर सारखाच असून गुणपत्रिकेपलीकडची माहिती त्यातून मिळत नाही, तेव्हा शक्य असल्यास दहा दिवसांत नवी पत्रे पाठवावीत, एवढेच लिहिले होते. मी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली. विद्यार्थिनीच्या पत्रात शेवटून दुसऱ्या वाक्यात मुलाचे सर्वनाम राहून गेले होते. ज्या मुलीने सहा महिने माझ्या हाताखाली प्रकल्प केला, तिच्याविषयीचे पत्र मी स्वतः एकदाही नीट वाचले नव्हते, हे त्या एका शब्दाने उघडे पडले आणि मला त्याची मनापासून लाज वाटली.

ते पत्र इंग्रजीत होते. मराठीत त्याचा आशय असा होता: ‘सदर विद्यार्थिनीस मी गेली तीन वर्षे ओळखतो. ती हुशार, कष्टाळू, नम्र आणि शिस्तप्रिय आहे. तिला विषयाची चांगली जाण असून ती नियमितपणे वर्गात उपस्थित असते. माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक उत्तम आहे. मी तिची जोरदार शिफारस करतो आणि तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी तिला शुभेच्छा देतो.’ यातले एकही विधान खोटे नव्हते. तरीही एकेका वाक्यावर बोट ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आले की निवड समितीच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. हुशारी गुणपत्रिकेत दिसते, उपस्थिती महाविद्यालयाच्या नोंदीत असते, वर्तणुकीचा दाखला प्राचार्य वेगळा देतात आणि शुभेच्छा तर कोणालाही देता येतात. आपल्याकडे शिफारसपत्राची भाषा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून आलेली आहे असे मला वाटते. दाखल्याचे काम एवढेच की या व्यक्तीबद्दल आमची तक्रार नाही असे संस्थेने सांगावे. समितीला मात्र अशा माणसाची साक्ष हवी असते, ज्याने या मुलीला काम करताना जवळून पाहिले आहे.

न्यासाचा अर्ज मी या वेळी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचला. शिफारस देणाऱ्याला त्यात चार गोष्टी विचारल्या होत्या: आपण अर्जदाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आपण शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये आपण तिला कोठे ठेवाल, अडचण आल्यावर तिने काय केले याचे एखादे उदाहरण, आणि तिला अजून कशात सुधारणा करायला हवी. पत्र दीड पानाच्या आत असावे, संस्थेच्या पत्रशीर्षावर असावे आणि ते शिक्षकाने स्वतःच्या ई-मेलवर आलेल्या दुव्यावरून थेट चढवावे, अर्जदाराच्या हाती देऊ नये, अशाही सूचना होत्या. माझ्या जुन्या पत्राने या चारपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे आणि तेही अर्धेच उत्तर दिले होते. तीन वर्षे ओळखतो असे मी लिहिले होते खरे, पण पहिली दोन वर्षे ती ऐंशी जणांच्या वर्गातला एक चेहरा होती. तिला मी खऱ्या अर्थाने ओळखू लागलो ते तिसऱ्या वर्षी, ऑगस्टपासून, प्रकल्पाच्या निमित्ताने.

आमच्याकडे एक प्रथा रूढ आहे. विद्यार्थ्याला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगितले जाते. मीही तसे अनेकदा केले आहे. या वेळी ते मुद्दाम टाळले. स्वतःची स्तुती लिहिताना संकोचलेला विद्यार्थी पुन्हा तेच ‘कष्टाळू आणि नम्र’ लिहितो, कारण त्याला दुसरे काही लिहिण्याचा धीर होत नाही. आणि ज्या गोष्टी शिक्षकाला दिसल्या पण विद्यार्थ्याला स्वतःबद्दल जाणवल्याच नाहीत, त्या अशा पत्रात कधीच येत नाहीत. मी तिला बोलावले आणि तिच्याकडून पत्राऐवजी तीन वस्तू मागून घेतल्या: अर्जासोबत तिने लिहिलेले निवेदन, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि प्रकल्पाचे जर्नल. निवेदन यासाठी, की तिने जे सांगितले आहे त्याची पुनरुक्ती होऊ नये आणि त्याच्याशी विसंगत असेही काही माझ्या पत्रात जाऊ नये.

ती जर्नल ठेवून गेली आणि मी संध्याकाळी ते उघडले. तिचा प्रकल्प प्रवरेच्या कालव्यांखालच्या उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या कठीणपणावर, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांच्या प्रमाणावर होता. माझ्या आठवणीप्रमाणे तिने तीस विहिरी घेतल्या होत्या आणि मी तसे लिहूनही टाकले असते. जर्नलमध्ये त्या बावीस निघाल्या. स्मरणावर विसंबून पत्र लिहू नये, हे मला तिथेच कळले. समितीने मुलाखतीत ‘तीस विहिरी कोणत्या गावांतल्या?’ असे विचारले असते, तर उत्तर देताना तिची अडचण झाली असती आणि तिची काही चूक नसताना तिच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतली गेली असती.

जर्नलच्या मध्यावर मला ती पाने दिसली, ज्यांच्याभोवती पुढे सगळे पत्र उभे राहिले. ती समजण्यासाठी प्रयोगाची थोडी माहिती द्यायला हवी. पाण्याचा कठीणपणा मोजण्यासाठी ५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात अमोनियाचे बफर द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकतात आणि ब्युरेटमधून ते क्षार बांधून घेणारे ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. पाण्याचा द्राक्षासवासारखा लाल रंग निळा झाला की थांबायचे आणि ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. बफरमुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास राहतो आणि तो तसा राहिला तरच रंग एका थेंबाला स्वच्छ पालटतो. तीन वेळा प्रयोग करून सारखा येणारा आकडा घ्यायचा असतो. त्याला आम्ही सी.बी.आर. म्हणतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला हेही माहीत असते की तिसरे वाचन जुळले नाही, तर बरेच विद्यार्थी ते कागदावर जुळवून घेतात.

तिच्या जर्नलमध्ये बावीस विहिरींची तीन-तीन वाचने, म्हणजे एकूण सहासष्ट आकडे, निळ्या शाईत ओळीने लिहिलेले होते आणि ते सगळे पट्टी धरून एका रेषेने खोडलेले होते. खोडलेला प्रत्येक आकडा वाचता येत होता. अकराव्या विहिरीची वाचने १७.२, १७.९ आणि १७.५ अशी होती. समासात तिने लिहिले होते: ‘रंग जांभळ्यावरच रेंगाळतो, सी.बी.आर. येत नाही. बफर तपासले, सामू ९.१. बाटलीवरची तारीख मार्चची. वाचने ग्राह्य नाहीत.’ ही नोंद ऑक्टोबरमधली होती. अमोनियाचे बफर फार काळ टिकत नाही. बाटली वारंवार उघडली की त्यातला अमोनिया उडून जातो आणि सामू खाली येतो, म्हणून ते घट्ट बूच लावून ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे असा नियम आहे. आमच्या प्रयोगशाळेत ते सात महिने तसेच पडून होते. पुढच्या पानावर नव्या बफरने केलेली वाचने होती आणि अकराव्या विहिरीपुढे तिन्ही वेळा १८.६ लिहिलेले होते. पहिले पाणी बाटल्यांत बरेच दिवस राहिले होते, म्हणून तिने बावीसही विहिरींचे पाणी पुन्हा आणले होते. पाणी गोळा केल्याच्या तारखा जर्नलमध्ये होत्या आणि त्या तारखांना दोन लागोपाठचे रविवार येत होते.

बफर बिघडले आहे हे तिने त्या वेळी मला सांगितले होते आणि नवे करून घे असे मीही म्हणालो होतो. हे मला आठवत होते. पण तिने सगळी वाचने टाकून दिली आणि पाणीसुद्धा पुन्हा आणले, हे माझ्या ध्यानात कधी आलेच नव्हते. अहवाल तपासताना मी फक्त अंतिम तक्ता पाहिला होता. आता मी दोन्ही पाने लावून पाहिली. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असतो आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. आमच्या पद्धतीत ब्युरेटच्या आकड्याला वीसने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. अकराव्या विहिरीचा कठीणपणा जुन्या वाचनांनी ३५० आणि नव्यांनी ३७२ आला होता, म्हणजे निष्कर्षात काही फरक पडत नव्हता. सतराव्या विहिरीत मात्र तो पडत होता. जुन्या बफरने तिथले सरासरी वाचन २९.४ होते, म्हणजे ५८८ मिलिग्रॅम. नव्या बफरने ते ३१.० आले, म्हणजे ६२०. ती एक विहीर मर्यादेच्या अलीकडून पलीकडे गेली होती.

पत्राला लागणारे उदाहरण मला मिळाले होते, पण ते लिहावे की नाही याचा निर्णय करायला मला दोन दिवस लागले. ते लिहायचे तर आमच्या प्रयोगशाळेत सात महिन्यांचे बफर वापरात होते हेही लिहावे लागणार होते, आणि त्या प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडेच आहे. पहिल्या प्रयत्नात मी ‘काही तांत्रिक अडचणीमुळे’ असा शब्दप्रयोग करून ती गोष्ट झाकली. ते वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा ते पुन्हा जुन्या पत्रासारखेच ऐकू आले. अडचण कोणती हे सांगितल्याशिवाय तिने काय ओळखले हे सांगता येत नव्हते, आणि तिने काय ओळखले हे कळल्याशिवाय पुढच्या सहासष्ट वाचनांना काही अर्थ उरत नव्हता. शेवटी मी ती गोष्ट आहे तशी लिहिली. वाचणाऱ्याला हेही दिसेल की पत्र लिहिणारा स्वतःच्या सोयीचे तेवढेच सांगत नाही आणि त्यामुळे बाकीच्या विधानांवर त्याचा थोडा अधिक विश्वास बसेल, असेही मला वाटले.

लिहिताना एक अडचण मला अपेक्षित नव्हती. इंग्रजीत लिहायला बसलो की बोटांना सवयीची तीच वाक्ये येत. कष्टाळू, निष्ठावान, विषयाची आवड असलेली, हे शब्द इंग्रजीत इतके तयार आहेत की ते आठवणीच्या पुढे धावतात. म्हणून मी संगणक बंद केला आणि कोऱ्या कागदावर मराठीत लिहू लागलो. एखाद्या सहकाऱ्याला स्टाफरूममध्ये सांगावे तसे: ही मुलगी काय करते, कशी करते, मी काय पाहिले. मराठीत ‘ती कष्टाळू आहे’ असे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, ‘म्हणजे काय केले?’ त्याचे उत्तर लिहिले की मूळ विशेषण खोडून टाकता येते. अशा रीतीने मराठी मसुदा तयार झाल्यावर मी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो कमी अलंकारिक झाला, पण माझा झाला.

त्या मसुद्यात मी प्रत्येक विधानापुढे पेन्सिलीने एक खूण केली: हे मी पाहिले, हे मला कोणी सांगितले, की हा माझा तर्क आहे. आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी मला सांगितले की नोव्हेंबरमध्ये ती सकाळी सात वाजता दार उघडण्याआधीच येऊन थांबत असे आणि रोज पहिल्यांदा ईडीटीएची तीव्रता पडताळून मगच विहिरींच्या पाण्याला हात लावत असे. तीव्रता पडताळल्याची नोंद जर्नलमध्ये रोजच्या तारखेखाली होती, म्हणून ती मी पत्रात माझी म्हणून दिली. सात वाजण्याची गोष्ट मी पाहिलेली नव्हती, म्हणून ती ‘प्रयोगशाळेच्या परिचरांनी मला सांगितले’ असे स्पष्ट लिहून दिली. ‘तिच्यात संशोधकाची वृत्ती आहे’ हे वाक्य तर्काचे होते. ते मी काढून टाकले, कारण बफरची घटना वाचल्यावर तो तर्क समितीला स्वतःच करता येणार होता.

यानंतर गुणपत्रिकेकडे वळावे लागले. तिचे गुण एकंदरीत चांगले होते, पण द्वितीय वर्षाच्या पहिल्या सत्रात भौतिकी रसायनशास्त्रात तिला शंभरपैकी ५२ गुण होते आणि तो आकडा बाकीच्या आकड्यांत एकदम खड्ड्यासारखा दिसत होता. समितीचे लक्ष तिथे जाणार हे उघड होते. मी तिला विचारले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने घरातल्या आजारपणाविषयी सांगितले आणि लगेच म्हणाली, “सर, हे पत्रात नको. मला कोणी दया म्हणून पैसे द्यावेत असं मला नाही वाटत.” मी तिला म्हणालो, “तुझ्या परवानगीशिवाय यातला एकही शब्द जाणार नाही. पण त्या सत्रात तुझी हजेरी कमी होती आणि पुढच्या सत्रात तू तो विषय सुधारलास, एवढं लिहिलं तर चालेल का?” तिने होकार दिला.

या मुद्द्यावर माझे मत ठाम झाले आहे. आपण शिक्षक मुलाचे भले व्हावे म्हणून त्याच्या घरची परिस्थिती सविस्तर लिहितो. वडिलांचा व्यवसाय, घरातले कर्ज, आईचे आजारपण, सगळे लिहितो आणि मुलाला विचारतही नाही. घरच्या उत्पन्नासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला अर्जासोबत असतोच. शिक्षकाच्या पत्रात तीच गोष्ट पुन्हा आली, तर जागा तर जातेच, शिवाय त्या मुलीने काय मिळवले यापेक्षा तिच्यावर काय ओढवले हेच वाचणाऱ्याच्या मनात राहते. माझ्या पत्रात त्या ५२ गुणांविषयी दोनच वाक्ये गेली: त्या सत्रात तिची उपस्थिती कमी होती, त्याचे कारण मला माहीत आहे आणि ते शैक्षणिक नव्हते, पुढच्या सत्रात याच विषयाच्या दुसऱ्या पेपरात तिला ७४ गुण मिळाले.

तुलनेचा प्रश्न त्याहून अवघड गेला. जुन्या पत्रांत मी सर्रास ‘आमच्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ असे लिहीत असे. सर्वोत्तम कोणांपैकी, किती जणांपैकी, हे लिहिले नसेल तर त्या वाक्याला काही वजन राहत नाही. मी विभागातल्या प्रकल्पांच्या याद्या काढल्या. २०१४ पासून माझ्या मार्गदर्शनाखाली अडुसष्ट विद्यार्थ्यांनी प्रकल्प केले होते. यादीतले एकेक नाव वाचत गेलो, तेव्हा काही जण तिच्यापेक्षा सिद्धांतात पक्के होते हे मला मान्य करावे लागले. पण आपली वाचने चुकली आहेत हे स्वतः ओळखून ती कोणी न सांगता टाकून देणारे, मला आठवतात असे, तिच्याशिवाय दोघेच होते. पत्रात मी तेच लिहिले: सैद्धांतिक तयारीत मी तिला या अडुसष्टांतल्या पहिल्या पंधरांत ठेवीन आणि प्रयोगातल्या काटेकोरपणात पहिल्या तिघांत. एका बाबतीत तिला पंधरांत ठेवले, म्हणूनच दुसऱ्या बाबतीतले ‘तिघांत’ खरे वाटेल असा माझा विश्वास होता.

उणिवेविषयीच्या प्रश्नाला बहुतेक शिक्षक ‘ती फार जास्त मेहनत करते’ असे काहीतरी उत्तर देतात आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. तिची खरी उणीव मला माहीत होती. डिसेंबरच्या चर्चासत्रात तिला पंधरा मिनिटे होती. त्यातली बारा तिने पद्धत समजावण्यात घालवली आणि निष्कर्ष सांगण्याआधीच वेळ संपली. सतराव्या विहिरीचे पाणी मर्यादेपलीकडे आहे, ही तिच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, त्या दिवशी कोणी ऐकलीच नाही. जानेवारीत दुसऱ्यांदा बोलताना तिने सुरुवातच त्या विहिरीपासून केली, पण आवाज अजूनही मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता. मी हे दोन्ही प्रसंग लिहिले आणि लोकांसमोर बोलण्याचा तिला अजून सराव लागेल असेही लिहिले. हे लिहिताना हात थोडा अडखळला. आपण तिचे नुकसान तर करत नाही ना, ही शंका येतच होती. पण मुलाखतीत तिचा हलका आवाज समितीला ऐकू येणारच होता. त्याची पूर्वकल्पना असली तर तिच्या बोलण्यातला मजकूर ते अधिक लक्ष देऊन ऐकतील, असा विचार करून मी ते ठेवले.

पूर्ण झालेला मसुदा साडेतीन पानांचा भरला. विहिरींचे वर्णन, बफरचे रसायन, माझ्या प्रकल्पयोजनेची माहिती, सगळे त्यात आले होते. दुसऱ्या दिवशी वाचताना दिसले की पत्राचा तिसरा हिस्सा माझ्याविषयी आणि माझ्या विभागाविषयी होता. तो सगळा काढला. रसायनाचे स्पष्टीकरण दोन वाक्यांवर आणले, कारण समितीत रसायनशास्त्राची माणसे असतीलच असे नाही. ‘द्रावण जुने झाल्याने रंगबदल स्पष्ट होत नव्हता’ एवढे कोणालाही कळते. कापून कापून पत्र सव्वा पानावर आले. सुरुवात अशी झाली: ‘मी या विद्यार्थिनीला ऑगस्टपासून तिच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून ओळखतो आणि या काळात आठवड्यातून किमान दोनदा मी तिचे काम पाहिले आहे. त्याआधीची दोन वर्षे ती माझ्या वर्गात होती, पण तेव्हाच्या तिच्या कामाविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही.’ माझ्या ओळखीची मर्यादा पहिल्याच परिच्छेदात सांगितल्यावर पुढचे सगळे लिहिणे मला सोपे गेले. शेवटी शुभेच्छा नव्हत्या. पुढील माहिती हवी असल्यास फोन करावा, जर्नलची पाने पाठवता येतील, एवढे लिहून मी सही केली आणि आठव्या दिवशी पत्र चढवले.

राहिला तो विद्यार्थी. त्याच्यासाठीही मी कागद घेऊन बसलो होतो. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की त्याच्याबद्दल माझ्याकडे दोन वाक्यांपलीकडे पाहिलेले असे काही नाही. त्याचा प्रकल्प माझ्या सहकारी बाईंकडे होता आणि तो माझ्याकडे आला होता तो केवळ मी विभागप्रमुख आहे म्हणून. पद मोठे असले की पत्राला वजन येते असा आपल्याकडे समज आहे. मी त्याला बोलावून स्पष्ट सांगितले, “मी लिहिलेलं तुझ्या उपयोगाचं होणार नाही, आणि ती चूक माझी आहे, तुझी नाही. मॅडमनी तुझं काम पाहिलंय, त्यांना विनंती कर. मी त्यांच्याशी बोलतो.” त्याचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटले. बाईंनी मात्र त्याच्यासाठी दोन दिवसांत जे पत्र लिहिले, त्यातली त्याची माहिती मला तीन वर्षांत नव्हती. न्यासाला मी शिक्षक बदलल्याचे कारण कळवले आणि त्यांनी ते मान्य केले.

दोघांनाही एप्रिलमध्ये मुलाखतीला बोलावले. तिला शिष्यवृत्ती मिळाली, त्याला त्या वर्षी मिळाली नाही. मुलाखतीहून आल्यावर ती मला भेटायला आली. समितीतल्या एका सदस्यांनी माझ्या पत्रातली बफरची गोष्ट काढली होती आणि विचारले होते की वाचने जुळत नव्हती तर हाताची चूक असेल असे तिला का वाटले नाही, दोष बफरचाच आहे हे तिने कशावरून धरले. तिने त्यांना जे उत्तर दिले ते मलाही सांगितले. पहिल्याच आठवड्यात पाचव्या विहिरीचे पाणी तिने वर्गमित्राच्या टेबलावर त्याच्या बफरने मोजून पाहिले होते. तिचा आकडा कमी आला होता. मग सहाव्या आणि सातव्या विहिरीचे पाहिले, तेही कमीच आले. “सर, हात चुकला तर कधी जास्त येईल, कधी कमी येईल,” ती म्हणाली, “माझे सगळे एकाच बाजूला चुकत होते.”

ती गेल्यावर मी जर्नल पुन्हा काढले आणि खोडलेली पाने नव्या पानांशी लावून पाहिली. बावीसच्या बावीस विहिरींत जुना आकडा नव्यापेक्षा कमी होता. हे मी फेब्रुवारीतच पाहायला हवे होते आणि ते पत्रात असायला हवे होते.